भागायचं पंचाहत्तरनं की बहात्तरनं?

आधी गणित सांगते. एका दालमिलने १०० क्विंटल तूर ७,००० रुपये क्विंटलने घेतली. मजुरी, वीज, तेल वगैरे मिळून २५,००० रुपये खर्च झाला. या कामात घातलेल्या मालाच्या २५ टक्के घट नेहमीची मानली जाते. चुनी आणि भुसा २,००० रुपये क्विंटलने विकला जातो. प्रत्यक्षात ७२ क्विंटल डाळ हाती आली. प्रक्रिया खाते आणि असामान्य हानी खाते तयार करा. गुण १०.

हे गणित माझ्या मावशीने काढलेलं आहे. ती परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना कॉस्टिंग शिकवते. पुस्तकातल्या गणितात कारखाना नेहमी 'एक्स लिमिटेड' असतो आणि माल 'युनिट' असतो, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही अशी तिची जुनी तक्रार. म्हणून तिने तूर घेतली. आमच्याकडे तुरीची ओळख करून द्यावी लागत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचं 'बीडीएन ७११' हे वाण वर्गातल्या निम्म्या पोरांना पिशवीवरून पाठ असतं. ७,००० रुपये हा २०२३-२४ चा हमीभाव, तेव्हा तोही ओळखीचा. बाकीचे आकडे तिने उत्तर सुटसुटीत यावं म्हणून जुळवले.

उत्तर असं. १०० क्विंटलवर २५ टक्के म्हणजे २५ क्विंटल नेहमीची घट. पोरं आणि मास्तर दोघंही तिला नॉर्मल लॉसच म्हणतात, मीही तेच म्हणेन. तिचे २,००० च्या दराने ५०,००० रुपये येतात. एकूण खर्च ७,२५,०००, त्यातून हे ५०,००० वजा केले की राहतात ६,७५,०००. डाळ यायला हवी होती ७५ क्विंटल. ६,७५,००० भागिले ७५, म्हणजे ९,००० रुपये क्विंटल. डाळ आली मात्र ७२. उरलेले ३ क्विंटल हा अबनॉर्मल लॉस, त्याची किंमत २७,०००. चांगल्या डाळीची किंमत ६,४८,०००. बिघडलेले ३ क्विंटल चुनीच्याच भावाने विकून ६,००० आले, आणि बाकीचे २१,००० रुपये कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्यात गेले.

सगळं गणित भागाकारावर येऊन थांबतं. हातात ७२ क्विंटल असताना भागायचं ७५ ने का? तर रोलर नीट बसवले नाहीत किंवा माल नीट वाळला नाही म्हणून जे ३ क्विंटल वाया गेले, त्यांच्यावरही तेवढाच खर्च झालेला आहे. तो खर्च बाजूला काढून तोटा म्हणून दाखवायचा. तो उरलेल्या डाळीवर टाकला, तर मिलमधल्या ढिसाळपणामुळे डाळच महाग होती असं खातं सांगेल, आणि मालकाला तोटा कुठे झाला ते कधी दिसणारच नाही. नॉर्मल लॉसचं तसं नाही. तूर भरडली की टरफल निघणारच, तुकडे पडणारच. तो डाळ करण्याचाच खर्च आहे आणि तो डाळीनेच सोसायचा.

गेल्या वर्षी सराव परीक्षेत हे गणित विचारलं. मावशी आणि तिच्या विभागातले एक सर गठ्ठा निम्मा निम्मा तपासणार होते. त्याआधी दोघांनी एकाच उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आपापल्या घरी तपासली. सरांनी ३ गुण दिले आणि मावशीने ७. सराव परीक्षेत या फरकाने फारसं बिघडत नाही. पण हेच सर आणि हीच मावशी पुढे विद्यापीठाचेही पेपर तपासतात, आणि तिथे दहापैकी चार गुणांचा फरक म्हणजे एखाद्याचं वर्ष.

मी तेव्हा सुट्टीत तिच्याकडे होते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, कॉस्टिंगशी माझा संबंध नाही. पण एकच कागद आणि एकच नियम असताना दोन उत्तरं कशी येतात हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता, म्हणून मी ती झेरॉक्स मागून घेतली.

त्या मुलाने पहिला भाग बरोबर केला होता. २५ क्विंटल, ५०,००० रुपये, अबनॉर्मल लॉस ३ क्विंटल, सगळं ठीक. मग ६,७५,००० ला त्याने ७२ ने भागलं आणि दर काढला ९,३७५. त्या दराने ३ क्विंटलचे २८,१२५ झाले. ७२ क्विंटलचे ६,७५,००० झाले. खात्याची बेरीज केली तर उजवी बाजू २८,१२५ ने जास्त. ती तेवढीच जास्त येणार, कारण ७२ ने भागल्यावर सगळा खर्च ७२ क्विंटलवर बसून संपलेला असतो, आणि वर ३ क्विंटलची किंमत धरली की ती दुसऱ्यांदा धरली जाते. मुलाला हे कळलं नाही. खातं जुळत नाही एवढंच कळलं. त्याने ६,७५,००० वर काट मारली आणि तिथे ६,४६,८७५ लिहिले. खातं जुळलं. खाली दोन रेघा.

सरांचं म्हणणं, दर चुकला, डाळीची किंमत चुकली, तोटा चुकला. कॉस्टिंगच्या पेपरात कॉस्टच चुकली, तर राहिलं काय? मावशीचं म्हणणं, खातं नीट मांडलंय, दोन्ही लॉस वेगळे ओळखलेत, चूक एकच आहे. दोघांकडे छापील 'मॉडेल आन्सर' एकच होतं. त्यात संपूर्ण सोडवलेलं उत्तर होतं आणि खाली लिहिलं होतं: प्रक्रिया खाते ७, असामान्य हानी खाते ३. बरोबर उत्तराला किती गुण द्यायचे ते त्यावरून कळत होतं. गठ्ठ्यातली बहुतेक उत्तरं मात्र अर्धवट बरोबर असतात, आणि त्यांच्याबद्दल तो कागद काहीच बोलत नव्हता.

या अडचणीवर जगात इतरत्र विचार झालेला आहे. ब्रिटनमधल्या शाळांच्या अकाउंटिंगच्या पेपरात 'ओन फिगर' नावाचा नियम असतो. विद्यार्थ्याने आधी चुकीचा आकडा काढला असेल, पण पुढची पायरी त्याच आकड्यावर बरोबर रीतीने केली असेल, तर पुढच्या पायरीचे गुण द्यायचे. आयबीच्या गणितात याला 'फॉलो थ्रू' म्हणतात, आणि तिथे रीतीचा गुण वेगळा आणि अचूक उत्तराचा वेगळा असतो. आपल्याकडे 'स्टेप मार्क्स' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, सीबीएसई तर गुणांच्या विभागणीसह मार्किंग स्कीम प्रसिद्धही करते. पण रोजच्या तपासणीत स्टेप मार्क्सचा अर्थ बऱ्याचदा 'जिथपर्यंत आकडे माझ्या उत्तराशी जुळतात तिथपर्यंतचे गुण' असा होतो. सरांनी तेच केलं होतं. आकडे जुळायचे थांबले तिथे गुण थांबले.

आम्ही दहा गुण नव्याने वाटायला बसलो. मावशीच्या सांगण्यावरून मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारत गेले: इथे विद्यार्थ्याने कोणता निर्णय घेतला? तूर आणि खर्च डाव्या बाजूला मांडला, १ गुण. नॉर्मल लॉस घातलेल्या मालावर काढून २५ क्विंटल आणला, १. त्याची विक्री किंमत उजव्या बाजूला दाखवली, १. ३ क्विंटलचा अबनॉर्मल लॉस वेगळा ओळखला, १. दर काढताना विक्री किंमत खर्चातून वजा केली, १. भागाकार अपेक्षित डाळीने केला, १. अबनॉर्मल लॉसची किंमत काढली, १. डाळीची किंमत काढली, १. दुसऱ्या खात्यात ६,००० ची विक्री, १. बाकी नफा-तोटा खात्यात, १. झाले दहा.

पहिल्या गुणावर आमचा थोडा वाद झाला. प्रश्नातले दोन आकडे डाव्या बाजूला उतरवायचे आणि त्याला अख्खा गुण? मावशी ऐकेना. "ज्याला कायबी येत नाही त्याला निदान खातं उघडता येतंय का, हे तरी दिसू दे," असं तिचं म्हणणं. गुण राहिला.

आता या कागदाची परीक्षा घ्यायची होती. माझ्या कामात एखादा नियम लिहिला की त्यावर मुद्दाम चुकीची माहिती सोडून बघतात. तसंच इथे केलं. मावशीने गेल्या काही वर्षांच्या आठवणीतून मुलं नेमकी कुठे घसरतात ते सांगितलं आणि आम्ही ती उत्तरं खोटी खोटी सोडवून आमच्याच कागदाने तपासली.

पहिलं उत्तर, नॉर्मल लॉसची विक्री किंमत धरायलाच विसरलेल्या मुलाचं. तो ७,२५,००० ला ७५ ने भागतो. दर ९,६६६.६७. तीन क्विंटलचे २९,०००, डाळीचे ६,९६,०००, बेरीज बरोबर ७,२५,०००. म्हणजे हे खातं चुकीचं असूनही चोख जुळतं. (दर रुपयात पूर्ण करून ९,६६७ घेतला तर २५ रुपयांचा फरक पडतो. तो सोडून द्यायचा, हेही कागदावर लिहावं लागलं, नाहीतर एखादा त्याचाही गुण कापेल.) खातं जुळलं म्हणजे बरोबर, आणि जुळलं नाही म्हणजे चूक, ही तपासणाऱ्याची सगळ्यात जुनी सवय. या दोन उत्तरांत ती दोन्हीकडून फसते. विसरलेल्याचं आपोआप जुळलं आणि ७२ ने भागणाऱ्याचं जुळवावं लागलं.

पण आमच्या कागदाचंही एक बिंग इथे फुटलं. विसरलेल्या मुलाचा गुण दोनदा जात होता, एकदा किंमत दाखवली नाही म्हणून आणि पुन्हा दर काढताना ती वजा केली नाही म्हणून. विसरणं मात्र एकच. म्हणून पाचव्या गुणाचे शब्द बदलले: 'खर्चातून, स्वतः उजव्या बाजूला दाखवलेली नॉर्मल लॉसची किंमत वजा केली.' काहीच दाखवलं नसेल तर काहीच वजा न करणं सुसंगत आहे आणि गुण मिळतो. ५०,००० उजवीकडे दाखवून दर काढताना वजा करायला विसरला तर मात्र तो गुण जातो. आता त्या मुलाला १० पैकी ९.

७२ ने भागणाऱ्यालाही या हिशेबाने, खाडाखोड केली नसती तर, ९ मिळत होते. इथे सरांचा आक्षेप मला पटला. या प्रश्नात शिकवायची गोष्टच तो भागाकार आहे. ती न कळलेल्याला ९ मिळत असतील, तर आपण बेरीज-वजाबाकी तपासतोय. तेव्हा भागाकाराला २ गुण केले. तो जादा गुण आणला किंमत काढण्याच्या दोन पायऱ्यांतून. एकाच दराने एकदा ३ ला गुणायचं आणि एकदा ७२ ला, यासाठी प्रत्येकी एक गुण जास्तच होता. तिथे अर्धा अर्धा केला.

त्या झेरॉक्सच्या मुलाला आता किती? भागाकाराचे दोन गेले. २८,१२५ ही त्याच्याच दराने बरोबर आलेली किंमत, अर्धा गुण मिळाला. ६,४६,८७५ त्याच्याच दराने येत नाही, तो आकडा बेरीज जुळवायला लिहिलेला आहे, तो अर्धा गेला. तोट्याचे २२,१२५ त्याच्या हिशेबाने बरोबर. एकूण साडेसात. जुळवाजुळव ओळखायची एक सोपी खूण यातून हाती लागली: डाळीच्या किमतीला ७२ ने भागून बघायचं. विद्यार्थ्याने वर लिहिलेला दर परत आला नाही, तर तो आकडा गुणाकारातून आलेला नाही.

'ओन फिगर' तपासताना दर वेळी कॅल्क्युलेटर घेऊन मुलाचं गणित पुन्हा सोडवत बसणं अवघड, म्हणून मी एक छोटी शीट करून दिली. `B2` मध्ये मुलाने वजा केलेली किंमत, `B3` मध्ये त्याचा भाजक, `B5` मध्ये त्याचा अबनॉर्मल लॉस. बाकी असं:

```
B4: =(725000-B2)/B3
B6: =ROUND(B4*B5,0)
B7: =ROUND(B4*72,0)
B8: =B6-2000*B5
```

`B5` मुद्दाम मुलाच्या उत्तरातून भरायचा ठेवला आहे. `=B3-72` असं सूत्र लिहिलं असतं तर ७२ ने भागणाऱ्याचा अबनॉर्मल लॉस शून्य आला असता, आणि त्याने तर ३ लिहिला होता. मुलं आतून सुसंगत असतीलच असं नाही. मावशीने शीट पाहिली आणि म्हणाली, "तू काय म्हणायलीस ते कळालं मला. पण एका पेपरला सहा-सात मिनिटं असतात, आणि त्यात असे चार प्रश्न. मला हे कागदावर दे." मग नेहमीच्या तीन चुकांसाठी पुढचे सगळे आकडे आधीच काढून एका पानावर छापले. ९,३७५ दिसला की त्या ओळीत बोट फिरवायचं, २८,१२५ आणि २२,१२५ तिथे तयार. शीट फक्त अनोळखी आकडा आला तर उघडायची. त्या पानाच्या बाहेर जाणारी की कुणी वापरत नाही, हा तिचा अनुभव, आणि तिने माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गठ्ठे पाहिलेत.

या पद्धतीला न पेलणारं उत्तर तिसरं होतं. एक मुलगी असं करते: १०० घातले, ७२ आले, म्हणजे २८ गेले. २८ गुणिले २,०००, झाले ५६,०००. ६,६९,००० भागिले ७२, दर ९,२९१.६७. डाळीची किंमत ६,६९,०००. खातं जुळलं, असामान्य हानी खातं नाहीच. २५ टक्क्यांचं वाक्य तिने वाचलंच नाही किंवा वाचून सोडून दिलं.

'ओन फिगर'चा नियम इथे आंधळेपणाने लावला तर काय होतं बघा. तिचा नॉर्मल लॉस २८, मग अपेक्षित डाळ ७२, भागाकार ७२ ने, म्हणजे 'तिच्या आकड्याने बरोबर'. भागाकाराचे दोन्ही गुण तिला, आणि तीन क्विंटल ओळखणाऱ्या पण ७२ ने भागणाऱ्या मुलाला शून्य. तिच्या उत्तरात ती अडचण कधी आलीच नाही, कारण तिने प्रश्नातून अबनॉर्मल लॉस काढूनच टाकला. आयबीच्या तपासणीच्या सूचनांत अशा वेळेसाठी सोय आहे: चुकीमुळे पुढचं गणित फारच सोपं होत असेल तर पुढचे गुण कमी द्या. किती कमी, ते तपासणाऱ्याच्या विवेकावर. पण दोन तपासणाऱ्यांचे दोन विवेक झाले की आपण परत ३ आणि ७ वर.

शेवटी भागाकाराचे दोन गुण फोडले. एक गुण, घातलेल्या मालातून आपण धरलेला नॉर्मल लॉस वजा करून भागल्याबद्दल. दुसरा, तो भाजक आणि हाती आलेली डाळ यांतला फरक ओळखल्याबद्दल. मुलीला पहिला मिळाला, दुसरा नाही. डावी बाजू १, विक्री किंमत १, वजाबाकी १, भागाकार १, डाळीची किंमत अर्धा. साडेचार. सरांना ते जास्त वाटले, मला थोडे कमी. कारण खरं सांगायचं तर दालमिलवाला वहीत कदाचित हेच करेल: एवढी घातली, एवढी निघाली, एवढे पैसे लागले. तिने केलेला हिशेब जगात चालतो. या पेपरात जे विचारलं होतं ते मात्र तिने केलेलं नाही, आणि साडेचारमध्ये हे दोन्ही येतं असं मला वाटतं.

गठ्ठा वाटण्याआधी सरांनी आणि मावशीने पाच पेपर पुन्हा वेगवेगळे तपासले. या वेळी एकूण गुणांऐवजी प्रत्येक पायरीचे गुण शेजारी शेजारी ठेवले. एकूण गुण पाहिले तर एकीकडे अर्धा जास्त आणि दुसरीकडे अर्धा कमी होऊन फरक लपतो. पायऱ्या पाहिल्या की कोणत्या ओळीचे शब्द मोघम आहेत ते दिसतं. फरक एकाच ओळीत निघाला, 'अबनॉर्मल लॉस वेगळा ओळखला' या. एका मुलाने खात्यात उजवीकडे फक्त '३ क्विं.' लिहिलं होतं, नाव दिलं नव्हतं. सरांनी गुण नाकारला, मावशीने दिला. ठरलं असं की ३ च्या शेजारी किंमत असेल किंवा खाली त्याचं खातं असेल तर नाव नसलं तरी गुण द्यायचा. पानावर एक ओळ वाढली.

आणि मग त्या पाचातलाच एक पेपर, ज्याच्यासाठी आमच्या पानावर ओळच नव्हती. त्याने सुरुवातीलाच लिहिलं होतं: '२५ क्विंटल घटीपैकी ४ क्विंटल वाळवणीत ओल उडून जाते असे गृहीत धरले आहे. ती विकली जात नाही. म्हणून चुनी-भुसा २१ क्विंटल.' २१ गुणिले २,०००, झाले ४२,०००. ६,८३,००० भागिले ७५, दर ९,१०६.६७. तिथून पुढे तीन क्विंटलचे २७,३२०, डाळीचे ६,५५,६८०, तोटा २१,३२०, सगळं चोख. मावशीने हजेरीपुस्तकात नाव शोधलं नाही, अक्षरावरून ओळखलं. त्याच्या घरचे दालमिलमध्ये कामाला आहेत.

त्याचं बरोबर आहे. तुरीला भरडण्याआधी तेल आणि पाणी लावतात, उन्हात वाळवतात, पुन्हा पाणी, पुन्हा ऊन, तेव्हा कुठे टरफल सुटतं. या सगळ्यात दाण्यातली मूळची ओलही काही कमी होते. शंभर क्विंटल तुरीतून ७५ क्विंटल डाळ निघाली तर उरलेले २५ क्विंटल पोत्यात भरलेले सापडत नाहीत, त्यातला काही भाग हवेत गेलेला असतो. पुस्तकातल्या 'युनिट'ला ओल नसते. मावशीने 'युनिट'ची तूर केली आणि तुरीबरोबर ओल आली.

सर म्हणाले, ४ हा आकडा त्याने कुठून आणला? प्रश्नात नाही. एक गुण कापा. मी प्रश्न परत वाचला. त्यात लिहिलं होतं 'चुनी आणि भुसा २,००० रुपये क्विंटलने विकला जातो.' घटीचा सगळा माल विकला जातो, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपण ते गृहीत धरलं होतं, त्याने दुसरं काही गृहीत धरलं, फरक एवढाच की त्याने ते लिहून ठेवलं. आणि तिसऱ्या उत्तरातल्या मुलीसारखं त्याने गणित सोपं करून घेतलं नव्हतं, उलट एक पायरी वाढवली होती. पानावर शेवटची ओळ आली: गृहीतक स्पष्ट लिहिलं असेल, प्रश्नातल्या आकड्यांच्या विरोधात जात नसेल आणि त्यामुळे कोणतीही पायरी गळत नसेल, तर ते मान्य. त्याला १० पैकी १०. सरांनी सही केली, पण "पुढच्या वेळी प्रश्न नीट काढा मॅडम" असं म्हणून केली.

यंदा मावशीने प्रश्न बदललाय. 'नेहमीच्या घटीपैकी ४ क्विंटल वजन वाळवणीत कमी होते, त्यास विक्री मूल्य नाही' अशी ओळ घातली आणि मजुरी-विजेचा खर्च २५,००० वरून १७,००० वर आणला. म्हणजे ७,१७,००० वजा ४२,०००, भागिले ७५, दर पुन्हा बरोबर ९,००० येतो. त्यात पायरी एक वाढली आहे आणि गुण दहाच आहेत. वाढलेल्या पायरीचा अर्धा गुण सरांना डाव्या बाजूच्या त्या पहिल्या गुणातून काढायचाय. मावशी अजून तयार नाही.